चार औषधे कशासाठी, सहा महिने कशासाठी?

रायगडच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी सुरू असते आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी डॉक्टरांना दाखवायला खलाशांना सवड मिळते ती याच दिवसांत. अनेक आठवडे मागे लागलेला खोकला, संध्याकाळी अंगात येणारी कणकण, उतरलेले वजन अशी लक्षणे घेऊन आलेल्या एखाद्याच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडतात आणि त्याला सहा महिन्यांचा औषधोपचार सांगितला जातो. उपचारांचा हिशेब मांडला, तर एक विचित्र योगायोग ध्यानात येतो. १० जूनला ज्याने पहिली गोळी घेतली, त्याचा ५६ दिवसांचा पहिला टप्पा ४ ऑगस्टला संपतो. तोवर बंदी उठलेली असते, खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, वजनाचा काटा दोन-तीन किलोंनी वर सरकलेला असतो आणि नौका समुद्रात जायला तयार असते. शिल्लक असतात ते ११२ दिवस. ते संपायला २४ नोव्हेंबर उजाडतो.

कर्जत, पेण, रोहे या भागांतून वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे वेळापत्रक याच्या नेमके उलट असते. ती दिवाळीनंतर घर सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच विचारला जातो. बरे वाटत असताना, धडधाकट माणसाने आणखी चार महिने मूठभर गोळ्या का घ्यायच्या? ‘कोर्स पूर्ण करा’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे, तो आदेश झाला. उत्तर आहे ते जंतूंच्या लोकसंख्येत. शिवाय ते एक नसून दोन आहेत. औषधे अनेक का, याचे कारण वेगळे आणि ती सहा महिने का, याचे कारण वेगळे. या दोहोंची सरमिसळ रुग्णांच्या मनात तर असतेच, पण जाहिरातींतून आणि भाषणांतूनही ती सर्रास आढळते.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. उदाहरणादाखल मुरूडकडच्या एका काल्पनिक खलाशाचा विचार करू. वय चाळिशीच्या आतले, वजन ४६ किलो, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी पोकळी. क्षयजंतूंनी फुफ्फुसाचा भाग कुरतडून केलेली अशी पोकळी श्वासनलिकेला जोडलेली असते. तिला हवा मिळते आणि प्राणवायूवर पोसणाऱ्या या जंतूंची तेथे भरभराट होते. अशा एका पोकळीत सुमारे १० कोटी जंतू असतात, असा अंदाज आहे. कधी त्याच्या दहापटही असतात.

क्षयजंतूची वाढ मंद. एका जंतूचे दोन व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो, आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला अनुकूल परिस्थितीत त्यासाठी वीस मिनिटे पुरतात. दर विभाजनाच्या वेळी जंतूच्या जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरर्थक असतात, काही घातक. अगदी थोड्या मात्र जंतूच्या पथ्यावर पडतात. आयसोनियाझिड हे औषध जंतूच्या शरीरात शिरते तेव्हा निष्क्रिय असते. जंतूचेच एक विकर त्याचे रूपांतर विषात करते. ते विकर बनवणाऱ्या जनुकात बिघाड झाला, तर जंतूला थोडा तोटा होतो खरा, पण औषधाचे विष तयारच होत नाही. रिफॅम्पिसिनचे तसे नाही. ते जंतूच्या आरएनए तयार करणाऱ्या यंत्रणेला थेट चिकटते व ती बंद पाडते. या यंत्रणेच्या एका छोट्या भागाचा आकार बदलला, तर औषधाला चिकटायला जागा उरत नाही.

असे बदल औषधामुळे घडत नाहीत, ही यातली कळीची गोष्ट. साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली ई. कोलायवर केलेल्या प्रयोगातून हे सिद्ध झाले की, जीवाणूंतले रोधक वाण संकट समोर येण्यापूर्वीच, निव्वळ योगायोगाने जन्मलेले असतात. औषध त्यांना घडवत नाही, फक्त निवडते. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू ढोबळमानाने दर १० लाखांत एक आढळतो, तर रिफॅम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. म्हणजे आपल्या खलाशाने एकही गोळी घेतलेली नसताना त्याच्या पोकळीत आयसोनियाझिडला दाद न देणारे सुमारे १०० जंतू आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणारा एखादा जंतू आधीच बसलेला आहे. १० कोटींच्या गर्दीत ते कोणाच्या खिजगणतीतही नसतात.

आता या खलाशाला फक्त आयसोनियाझिड दिले, तर काय होईल? पहिले काही आठवडे सारे उत्तम चालेल. औषधाला बळी पडणारे जंतू झपाट्याने मरतील, बेडक्यातले जंतू कमी होतील, ताप उतरेल. मागे राहिलेल्या त्या १०० जंतूंना मात्र मोकळे रान मिळेल. शंभराचे पुन्हा १० कोटी व्हायला फक्त २० दुपटी लागतात. दिवसाला एक दुप्पट धरली तर तीन आठवडे. प्रत्यक्ष शरीरात ही गती मंदावते, म्हणून दोन-तीन महिने धरू. त्यानंतर पोकळी पूर्ववत भरलेली असेल, पण या वेळी त्यातला जवळपास प्रत्येक जंतू आयसोनियाझिडला निर्ढावलेला असेल. बेडक्यातील जंतूंची संख्या आधी घटते आणि मग वाढते, हे या प्रकाराचे ठरलेले लक्षण होय.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. १९४७ साली ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या, चमत्कारी समजल्या गेलेल्या औषधाची चाचणी सुरू केली. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना हे औषध मिळाले, ५२ जणांना केवळ अंथरुणातील विश्रांती. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या गटात चार मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात १४. यश उघड दिसत होते. पण ज्यांच्या जंतूंची तपासणी झाली, त्या औषधाच्या गटातील ४१ पैकी ३५ रुग्णांमध्ये औषधाला न जुमानणारे जंतू फोफावले होते, आणि ते बहुधा दुसऱ्या महिन्यातच. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ जण मरण पावले होते आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५. सहा महिन्यांत दिसलेला लाभ जवळजवळ पुसला गेला होता. वैद्यकाच्या इतिहासात या चाचणीचे कौतुक तिच्या शास्त्रशुद्ध आखणीसाठी होते. वस्तुतः एकट्या औषधाचा फोलपणा तिने दाखवून दिला, ही तिची कामगिरी कमी मोलाची नाही.

यावरचा तोडगा अंकगणिताचाच होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला ‘पास’ हे दुसरे औषध दिले, तेव्हा रोधक जंतूंचे प्रमाण एकदम खाली आले. कारण एका औषधातून निसटणाऱ्या जंतूला दुसरे गाठते. दोन्ही औषधांतून निसटायचे तर एकाच जंतूत दोन स्वतंत्र चुका घडलेल्या असाव्या लागतात आणि तशी शक्यता काढताना दोन्ही शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. आयसोनियाझिडचा १० लाखांत एक आणि रिफॅम्पिसिनचा १० कोटींत एक. गुणाकार येतो १०० लाख कोटींत एक. आपल्या खलाशाच्या पोकळीत १० कोटी जंतू आहेत. तेव्हा तशी पोकळी असलेले १० लाख रुग्ण एकत्र केले, तर त्या सर्वांत मिळून दोन्ही औषधांना पुरून उरणारा जेमतेम एक जंतू सापडावा. एकाच्या जागी दोन प्रभावी औषधे आली की पारडे इतके फिरते.

मग दोनच का नाहीत, चार कशाला? याचे उत्तर निम्मे गणितात आहे, निम्मे आपल्या देशाच्या परिस्थितीत. वरचा सगळा हिशेब, रुग्णाला लागण झालेले जंतू मुळात औषधांना बळी पडणारे होते, या गृहीतकावर उभा आहे. पण तो खलाशी मुंबईतल्या एखाद्या दाटीवाटीच्या खोलीत राहून आला असेल आणि ज्याच्याकडून त्याला लागण झाली, त्याच्याच जंतूंनी आयसोनियाझिडला आधी हरवलेले असेल तर? २०१४ ते २०१६ या काळात देशभर झालेल्या सर्वेक्षणात, पूर्वी कधी उपचार न घेतलेल्या दर १०० रुग्णांमागे ११ जणांच्या जंतूंत आयसोनियाझिडला रोध आढळला. पूर्वी उपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ होते. अशा रुग्णाला आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन ही दोनच औषधे दिली, तर कागदावर दोन असली तरी प्रत्यक्षात त्याला एकटे रिफॅम्पिसिन मिळते. पोकळीतल्या रिफॅम्पिसिन-रोधक एका जंतूचे पुढे काय होते, हे स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने दाखवलेलेच आहे. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल या औषधांची जोड दिली जाते. भारतात पुढच्या चार महिन्यांतही इथॅम्ब्युटॉल चालू ठेवतात, त्याचे कारण हेच. ते तसे दुबळे औषध, फारसे जंतू मारत नाही. पण रिफॅम्पिसिनला एकटे पडू न देणे, एवढी पहारेकऱ्याची कामगिरी ते बजावते.

येथवर अनेक औषधांचा उलगडा होतो. सहा महिन्यांचा होत नाही. रोधक जंतूंचा बंदोबस्त हाच एक प्रश्न असता, तर चार औषधांनी तो महिना-दीड महिन्यात निकाली निघाला असता. कारण औषधे सुरू झाल्यावर जंतूंची संख्या फार वेगाने घटते. नैरोबीत १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या बेडक्यातील जिवंत जंतू मोजले गेले. आयसोनियाझिडने पहिल्या दोन दिवसांतच त्यातील बहुसंख्य जंतू मारले होते. नंतर मात्र हा वेग एकदम मंदावला. पहिली दहापट घट दोन दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक दहापट घटीला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ, असे ते चित्र होते.

जे जंतू मागे रेंगाळतात ते रोधक नसतात. ते निजलेले असतात. बहुतेक प्रतिजैविके जंतूच्या चालू कामात अडथळा आणतात. आयसोनियाझिड जंतूचे नवे वेष्टन विणू देत नाही. जो जंतू विभागतच नाही, त्याला नवे वेष्टन नको असते, मग त्याला आयसोनियाझिडचे भय कसले? लंडनमधील शास्त्रज्ञ डेनिस मिचिसन यांनी १९७९ साली याची मांडणी केली. एकाच रुग्णाच्या शरीरात जंतूंच्या चार वस्त्या असतात, असे त्यांचे म्हणणे. पोकळीच्या भिंतीवर हवेत जोमाने वाढणारी पहिली वस्ती आयसोनियाझिड संपवते. दाहामुळे आम्लधर्मी झालेल्या जागेत दबून बसलेल्या दुसरीवर पायराझिनामाइड चालते, कारण ते आम्लातच प्रभावी ठरते. तिसरी वस्ती, दह्याच्या विरजणासारख्या दिसणाऱ्या मृत ऊतींत, बराच काळ झोपलेली आणि अधूनमधून तास-दोन तास जागी होणारी. तिला मारण्याची ताकद रिफॅम्पिसिनमध्ये आहे, कारण जंतू जागा होताच पहिले काम आरएनए तयार करण्याचे करतो आणि रिफॅम्पिसिन ते क्षणात अडवते. चौथी वस्ती गाढ झोपेत असते. तिच्यावर कोणतेच औषध चालत नाही. तिला शरीराची प्रतिकारशक्ती आवरते किंवा ती आपणहून जागी होण्याची वाट पाहावी लागते.

सहा महिने जातात ते या वाट पाहण्यात. कोणता जंतू कधी जागा होईल हे आधी सांगता येत नाही. ज्या दिवशी तो जागा होईल, त्या दिवशी रक्तात औषध असले पाहिजे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

झोपलेले आणि रोधक यांतला फरक दाखवणारा एक जुना प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्श मॅकडरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात क्षय झालेल्या उंदरांना आयसोनियाझिड व पायराझिनामाइड १२ आठवडे दिले. त्यानंतर उंदरांच्या अवयवांत कितीही शोधले तरी एकही जंतू वाढेना. उंदीर बरे झाले, असे कोणीही म्हटले असते. औषधे थांबवून तीन महिने गेल्यावर मात्र सुमारे एक तृतीयांश उंदरांत क्षय परतला होता. आणि परतलेले जंतू त्याच औषधांना पूर्वीइतकेच बळी पडत होते.

माणसांमधला पुरावा पूर्व आफ्रिकेतून आला. १९७० पूर्वी क्षयाचा उपचार दीड वर्षाचा असे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने, रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरी औषधे दिली तरी तो तितकाच बरा होतो, हे जगाला दाखवून दिले होते. पण तेव्हाही औषधे वर्षभर घ्यावी लागत. पूर्व आफ्रिकेतील चाचणीत सर्वांना सहा महिने स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड दिले गेले. एका गटाला सोबत रिफॅम्पिसिन, दुसऱ्याला पायराझिनामाइड, आणखी एका गटाला या दोन्हींपैकी काहीच नाही. सहा महिन्यांच्या शेवटी सगळेच गट बरे दिसत होते. फरक उघड झाला तो उपचार थांबल्यानंतर. नुसत्या दोन औषधांच्या गटात शंभरापैकी २९ जणांना रोग उलटला, पायराझिनामाइडच्या गटात आठ जणांना आणि रिफॅम्पिसिनच्या गटात अवघ्या तिघांना. झोपलेल्या वस्त्यांना मारणारी औषधे सोबत असली, तर दीड वर्षाचे काम सहा महिन्यांत उरकते, हे यातून ठरले. सहा महिने हा आकडा आला तो असा. त्याला शरीरशास्त्रात वेगळे काही पावित्र्य नाही.

चार महिन्यांवर येण्याचे प्रयत्नही झाले. २०१४ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यांत नेहमीच्या संचातले एक औषध बदलून नवे घातले आणि उपचार चार महिन्यांचा केला. बेडक्यातले जंतू लवकर नाहीसे झाले, पण रोग उलटण्याचे प्रमाण वाढले. या चाचण्यांतली एक बाब मात्र विचारात घेण्यासारखी आहे. चार महिन्यांत थांबलेल्यांपैकी दहात आठ जण बरेच राहिले. म्हणजे पुष्कळ रुग्णांना सहा महिन्यांची गरजच नसते. ज्यांच्या छातीत पोकळी नाही आणि बेडक्यात जंतू थोडे आहेत, ते लवकर बरे होतात. मोठी पोकळी आणि भरपूर जंतू असलेल्यांना कधी सहा महिनेही अपुरे पडतात. पण कोणता खलाशी दहातल्या आठांत आहे आणि कोणता उरलेल्या दोघांत, हे ऑगस्ट महिन्यात खात्रीने सांगणारी तपासणी नाही. म्हणून सर्वांना सहा महिने. पुढे २०२१ साली रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा समावेश असलेला चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या बरोबरीचा ठरला. तोही चार औषधांचाच आहे.

आता ५ ऑगस्टला नौकेवर चढणाऱ्या त्या खलाशाकडे परत जाऊ. त्याने त्या दिवशी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर रोग उलटण्याचा धोका मोठा आहे. तसे झाले तर ते बहुधा पहिल्या वर्षभरात घडते, आणि नौकेच्या अरुंद केबिनमध्ये त्याच्या शेजारी झोपणाऱ्यांना लागण होईपर्यंत ते लक्षातही येत नाही. पण उलटलेले जंतू, कॉर्नेलच्या उंदरांप्रमाणे, बहुतांशी पूर्वीच्याच औषधांना दाद देतात. एकदम थांबवणे वाईट खरे. मात्र रोधक क्षय जन्माला येण्याचा तो मुख्य मार्ग नव्हे.

मुख्य मार्ग आहे तो अर्धवटपणाचा. खलाशी दहा दिवस समुद्रावर असताना गोळ्या घेत नाही, बंदरावर परतला की पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. प्रत्येक खंडात जंतू थोडे वाढतात. औषधे रक्तातून निघून जातात तीही एकाच वेळी नव्हे. प्रत्येकाचा परिणाम ओसरायला वेगळा वेळ लागतो आणि त्या अवधीत जंतूंपुढे एकटे एखादेच औषध उरते. असे चार-सहा खंड पडले की निवड घडून येते. दुसरा प्रकार चारांतली एखादी गोळी गाळण्याचा. पोटात जळजळते म्हणून एक नको, महाग पडते म्हणून दुसरी नको. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून औषधे रोज घ्यायची असतात आणि ती एकाच गोळीत एकत्र असतात. ४६ किलो वजनाच्या माणसाला अशा तीन गोळ्या. एक औषध गाळायची सोयच त्यात ठेवलेली नाही.

तिसरा प्रकार रुग्णाच्या हातात नसतो. क्षयाचे निदान होण्याआधी, साधा खोकला समजून त्याला लिव्हो- किंवा ऑफ्लॉक्सासिनची गोळी आठवडाभर दिली जाते. ही औषधे क्षयजंतूंवर चालतात, म्हणून त्याला बरे वाटते. निदान लांबते आणि दरम्यान त्याच्या जंतूंवर एकट्या औषधाचा प्रयोग होऊन जातो. उपचार फसत असल्याचे दिसल्यावर चालू औषधांत एकच नवे औषध वाढवून पाहणे हाही त्याचाच भाऊ. जुनी औषधे निकामी झालेली असतील, तर ते नवे औषध एकटेच लढते आणि तेही वाया जाते.

रायगडच्या किनाऱ्यावरून उपचारासाठी मुंबईला जाणे ही जुनी रीत आहे. रेवस-मांडव्याची लाँच किंवा एसटी धरली की झाले. त्या मुंबईत काय चालत असे, याची नोंद आहे. धारावीतील १०० खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत क्षयाचे ८० वेगवेगळे औषधसंच निघाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे संच लिहिले आणि त्यांतल्या सहाच जणांना अचूक चिठ्ठी लिहिता आली. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी चाचणी केलेल्या कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्यांपैकी तिघांना अनेक खासगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीतली औषधे अनियमितपणे आणि बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. जानेवारी २०१२ मध्ये त्यावर मोठे वादळ उठले. ‘संपूर्ण रोधक’ हा शब्द सरकारला मान्य नव्हता आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो स्वीकारला नाही. शब्दाचा वाद बाजूला ठेवला, तरी ते जंतू एका झटक्यात जन्मलेले नव्हते. एकेका औषधाची एकेक पायरी चढत ते तेथवर पोहोचले होते. त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारला माहिती देणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले.

निदानाच्या वेळी रोध ओळखता येतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. सीबी-नॅट या यंत्रात बेडका घातला की सुमारे दोन तासांत क्षय आहे की नाही आणि रिफॅम्पिसिनला रोध आहे की नाही हे कळते. आयसोनियाझिडबद्दल हे यंत्र काही सांगत नाही. त्यासाठी नमुना वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तो अहवाल आलाच नाही आणि रुग्ण त्या ११ टक्क्यांतला असला, तर पुढच्या चार महिन्यांत त्याचे सारे भवितव्य रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांवर अवलंबून राहते. उपचार चालू असताना तेच यंत्र पुन्हा वापरून उपयोग नसतो, कारण ते मेलेल्या जंतूंचा डीएनएही दाखवते. दोन महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासणे आणि गरज पडल्यास जंतू वाढवून पाहणे, हाच विश्वासाचा मार्ग. वजन वाढायचे थांबले किंवा उतरू लागले, तर ती पहिली सूचना समजावी. गोळ्या पोटात जातात की नाही, याची एक घरगुती खूण मात्र आहे. रिफॅम्पिसिन घेतल्यावर काही तासांनी लघवी नारिंगी होते.

चूक नेहमी रुग्णाची किंवा डॉक्टरची असते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये औषधांचा केंद्राकडून होणारा पुरवठा लांबला आणि राज्यांनी काही काळापुरती औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्यावीत, असे केंद्राने कळवले. खलाशाने सोडलेली गोळी आणि गोदामात न पोहोचलेली गोळी यांत जंतूंना फरक करता येत नाही. या काळात किती रुग्णांचे किती दिवस बुडाले, याची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

रिफॅम्पिसिन-रोधक क्षयासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नव्या उपचाराला मंजुरी दिली. पूर्वी असा उपचार दीड ते दोन वर्षे चाले. नवा सहा महिन्यांचा आहे. त्यातही औषधे चारच आहेत. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. यांतल्या बेडाक्विलिनचा एक गुण दुधारी आहे. ते शरीरात मुरते आणि अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साडेपाच महिने लागू शकतात. रुग्णाने चारही औषधे एकाच दिवशी सोडली, तरी बाकीची तीन एक-दोन दिवसांत, फार तर काही दिवसांत नाहीशी होतात आणि बेडाक्विलिन पुढे कित्येक महिने रक्तात एकटेच रेंगाळत राहते. साध्या क्षयात एकदम थांबण्याने रोध सहसा निर्माण होत नाही, ही जी सवलत आहे, ती येथे उरत नाही.